काठी, सावली आणि पालकांस विनंती

ट्रेनिंग कॉलेज संपवून मी पहिल्यांदा नोकरीला लागले ते चौलजवळच्या एका गावात. कौलारू शाळा, पुढे पटांगण आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. पलीकडे समुद्र होता. तो शाळेतून दिसत नसे, पण सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलं गप्प झाली की ऐकू येई. मी आणि माझी आई अशा दोघीच एका वाडीतल्या दोन खोल्यांत राहायचो. तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि मुलं घरी आणे मोजायची, शाळेत पैसे. त्यामुळे गणिताच्या तासाला रोजच थोडा गोंधळ असे.

पहिल्या वर्षी मी सुट्टीचा अभ्यास दिला तो सगळे देतात तसाच. रोज एक पान शुद्धलेखन, पाढे आणि पाटीभर बेरजा-वजाबाक्या. जूनमध्ये शाळा उघडली आणि मी वह्या गोळा केल्या. पानं भरलेली होती, पण सगळी एकाच शाईने, एकाच घाईने. कोळीवाड्यातल्या, तिसरीतच राहिलेल्या एका मुलाला मी सहज विचारलं, "कधी लिहिलंस रे हे सगळं?"

"काल, बाई," तो म्हणाला. "आन् आज सकाळी."

तो खोटं बोलला नाही याचं मला बरं वाटलं. पण वह्या बाजूला ठेवताना मनात आलं, की सबंध उन्हाळा ही मुलं समुद्रावर होती, आंब्याखाली होती, जाळ्यांजवळ आणि रहाटाजवळ होती. किती काय पाहिलं असेल त्यांनी. आणि मी त्यांच्याकडून मागून घेतलं काय, तर एका रात्रीत खरडलेली पानं.

हा विचार वर्षभर डोक्यात राहिला. पुढच्या एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या तेव्हा मी हेडमास्तर गुरुजींच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. गुरुजी पन्नाशीचे, धोतर-कोट-टोपीतले, ह्याच किनाऱ्यावर वाढलेले. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव थोडा तिखट.

"गुरुजी, यंदा माझ्या वर्गाला सुट्टीत खेळ द्यायचे म्हणते," मी म्हटलं.

"खेळ द्यावे लागत नाहीत, बाई. ते मुलं स्वतःच घेतात."

"तसे नव्हेत. ज्यात अभ्यास आहे असे खेळ."

त्यांनी चष्मा काढून मला बसायला सांगितलं. मी सांगत गेले. चिंचोके आणि फणसाच्या आठळ्या गोळा करून दहा-दहाचे ढीग घालायचे, मग दहा ढिगांचा एक मोठा ढीग, म्हणजे शंभर. त्यावर दुकान-दुकान खेळायचं, शिंपल्यांचे नवे पैसे करून. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकायची आणि ती दुसऱ्या कुणाला तरी सांगायची. घरी आपण जे शब्द बोलतो आणि पुस्तकात तेच वेगळे असतात, त्यांच्या जोड्या लावायच्या. अंगणात एक सरळ काठी रोवायची आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. सावली कधी लांब आणि कधी आखूड, कुठल्या बाजूला वळते ते बघायचं.

गुरुजी ऐकत होते. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "पाऊणकी, पाऊणाचा पाढा, सगळे विसरले. आता तर ती शिकवूच नका म्हणतात."

मला वाटलं विषय संपला. पण ते पुढे बोलले, "लहानपणी आम्ही भरती पाऊणकीनं काढायचो. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन. तीन वाजता भरती. अष्टमी असली तर आठ पाऊण सहा. थोडं मागंपुढं होतं, पण येतं. हे घाला तुमच्या खेळांत. उत्तर आलं की समुद्रावर जाऊन पडताळायचं. मोठ्या माणसाबरोबर."

म्हणजे परवानगी मिळाली होती. फक्त एक अट होती.

"उद्या गावातले लोक मला येऊन विचारतील, शाळेनं पोरांना उंडारायला सोडलं का. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही लिहून द्या. पालकांना विनंती. काय दिलंय, का दिलंय आणि त्यांनी काय करायचं."

मी त्या दिवशी संध्याकाळी मोठ्या उत्साहाने ती विनंती लिहिली. ट्रेनिंग कॉलेजात ऐकलेलं सगळं तिच्यात घातलं. 'बालकाच्या नैसर्गिक जिज्ञासेचा विकास', 'कृतीद्वारा शिक्षण', 'अनुभवाधिष्ठित ज्ञान'. दुसऱ्या दिवशी गुरुजींना वाचायला दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"छान आहे. इन्स्पेक्टरसाहेबांना आवडेल," ते म्हणाले. "पण मासळीची पाटी उतरवून ठेवून ही कोण ऐकेल, ते बघा."

मी चहासुद्धा न घेता वर्गात जाऊन बसले. राग त्यांच्यावर नव्हता, स्वतःवरच होता, कारण म्हणणं खरं होतं. मग पाटीवर, मुलांच्याच खडूने, मी ती पुन्हा लिहिली. या खेपेला माझी आई समोर बसली आहे असं समजून. आई दुसरीपर्यंत शिकलेली होती. तिला जे कळणार नाही ते खोडत गेले. शेवटी उरलं ते असं:

'यंदा मुलांना सुट्टीत पाने भरायला दिलेली नाहीत. खेळ दिले आहेत. त्या खेळांत गणित आहे आणि भाषा आहे, वरून दिसली नाही तरी आहे. ढीग करताना मूल दहा आणि शंभर शिकते. गोष्ट सांगताना नीट बोलायला शिकते. सावली बघताना ऊन आणि वेळ शिकते. सगळे खेळ रोज करायचे नाहीत. आवडेल तो आधी करू द्या. उत्तर तुम्ही सांगू नका. तुला काय वाटते, असे विचारा. चुकले तर रागावू नका. समुद्रावर आणि विहिरीवर एकटे सोडू नका. मूल काही दाखवायला आले, तर हातातले काम थोडे बाजूला ठेवून बघा. एवढाच अभ्यास तुम्हाला आहे.'

गुरुजींनी हे वाचलं आणि फक्त एका ठिकाणी काना दिला. "आता ठीक," म्हणाले.

इतक्या प्रती काढायच्या कशा, हा पुढचा प्रश्न होता. छापखाना अलिबागला. मग ही विनंती म्हणजेच वर्षाचं शेवटचं शुद्धलेखन, असं मी ठरवलं. मी सांगितलं आणि मुलांनी लिहिलं. प्रत्येकाने आपापल्या अक्षरात आपल्याच आईबापांना विनंती लिहून घेतली. ज्यांच्या घरी कुणी वाचणारं नाही त्यांनी ती घरी मोठ्याने वाचून दाखवायची, असं ठरलं. मी वह्या तपासल्या तेव्हा एकाने 'चुकले तर रागावू नका' मधला 'नका' गाळला होता. ते मी लाल शाईने मोठ्या अक्षरात घातलं. एका मुलीने 'विहिरीवर' ऐवजी 'विहीणीवर' लिहिलं होतं. 'समुद्रावर आणि विहीणीवर एकटे सोडू नका.' तेही दुरुस्त केलं, पण आधी आईला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी खूप हसलो.

शाळा सुटायच्या आदल्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. आमच्या गावात त्यांची पोफळीची बरीच मोठी वाडी होती. सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेले, सहाणेवर उगाळल्यासारखं बेतानं बोलणारे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, हुशार आणि फार गप्प. ते दाराशीच उभे राहिले. हातात मुलीची वही होती.

"बाई, हे मी वाचलं," ते म्हणाले. "मला समजलं नाही असं नाही. पण मला पटलं नाही."

"या, बसा ना."

ते बाकावर बसले. तिसरीच्या बाकावर त्यांचे गुडघे मावेनात.

"मुलगी घरी रिकामी बसली की आईच्या हाताखाली जाते. सुपाऱ्या सोलणं, अंगण, धाकटा भाऊ. मी तिच्या आईला सांगू शकतो, 'थांब, तिला लिहायचंय.' लिहायचंय म्हटलं की घरात सगळे मानतात. पण चिंचोके मोजायचेत म्हटलं तर कोण मानेल? तिची आजीच म्हणेल, मोजून झाले की भाजून दे."

मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही. आणि मला समजलं की हा माणूस मुलीच्या विरुद्ध बोलत नाहीये. तिच्यासाठी घरात थोडी जागा हवी होती, आणि लिहिणं ही त्या जागेची भिंत होती. हे मला सुचलंच नव्हतं.

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," मी म्हटलं. "मग तुम्ही तिला लिहायला द्या. तुम्ही द्याल ते ती लिहील. पण माझ्या खेळांतला एक तरी करू द्या. कुठलाही, एकच."

ते विनंती पुन्हा वाचू लागले. बोट ओळीवरून सरकत होतं.

"ही काठी," ते शेवटी म्हणाले. "हिच्यासाठी अंगणाबाहेर जावं लागत नाही."

"चालेल."

"आणि उत्तर मी सांगायचं नाही."

"नाही. तुम्ही फक्त विचारायचं."

"उत्तर काय आहे ते मला ठाऊक आहे," ते उठत म्हणाले. "सकाळी लांब, दुपारी आखूड, संध्याकाळी लांब. त्यात विचारायचं काय?"

मलाही तेवढंच ठाऊक होतं.

सुट्टी सुरू झाली. आम्हाला जायला दुसरं गाव नव्हतं. वडील गेल्यापासून आईचं आणि माझं घर म्हणजे जिथे माझी शाळा तिथलं. त्यामुळे मी गावातच होते, आणि माझे खेळ गावात हिंडताना मला दिसत होते. बाजारातून येताना एका ओटीवर चार पोरं शिंपल्यांचे पैसे घेऊन भांडत होती. एक म्हणत होता, पंचवीस म्हणजे चार आणे, आणि दुसरा म्हणत होता, मग मला चार आणेच दे, हे पंचवीस कशाला. एक म्हातारी बाई, ओटीच्या कोपऱ्यात बसलेली, म्हणत होती, "दोन्ही सारखंच हाय रे, गपा." मी न थांबता पुढे गेले. थांबले असते तर खेळ मोडला असता.

आई मात्र रोज विचारायची, "तुझी ती काठीवाली पोर काय करते?" मला माहीत नव्हतं.

मे महिना अर्धा सरला असेल. दुपारी जेवण उरकून मी पडणार होते तेवढ्यात अंगणात चपलांचा आवाज आला. ते वाडीवाले गृहस्थ, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, आणि मागे त्यांची मुलगी. मुलीचा चेहरा लाल झाला होता. ती धावत आली असावी आणि बापाला तिच्या मागे भराभर चालावं लागलं असावं.

"बाई, सावली हरवली," ती म्हणाली.

वर्गात प्रश्न विचारला तरी मान हलवून उत्तर देणारी ही मुलगी. तिने सांगायला सुरुवात केली आणि ती थांबेना. काठी रोवल्यापासून ती रोज दुपारी, सावली सगळ्यांत आखूड असते तेव्हा, टोकाला खडा ठेवत होती. सुरुवातीला सावली चार बोटं होती, आंब्याच्या बाजूला. मग तीन झाली. मग दोन. मग एक बोट. "आणि आज न्हायच, बाई. काठी आहे, ऊन आहे, आणि सावली न्हाय."

"मी तिला म्हटलं, काठी कलली असेल," वडील म्हणाले. "परवाच म्हटलं. तिनं मला विचारलं, कलली का ते कसं बघायचं. मग गवंड्याकडून ओळंबा आणला. काठी सरळ आहे. सुतात आहे." त्यांनी उपरणं सोडून कपाळ पुसलं. "बाई, मी इतकी वर्षं त्या अंगणात जेवून हात धुतोय. हे मी कधी बघितलं नाही."

मग ते माझ्याकडे बघू लागले. मुलगीही बघू लागली. दोघांचे डोळे एकसारखे होते, हे मला तेव्हाच दिसलं.

मी म्हटलं, "मला बघू दे. उद्या त्या वेळेला मी तुमच्याकडे येते."

ते गेल्यावर मी ट्रंक उघडून भूगोलाचं जुनं पुस्तक काढलं. सूर्य उत्तरायणात कर्कवृत्तापर्यंत जातो आणि मग दक्षिणेकडे वळतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, त्याला चांगले गुणही मिळाले होते. पण तो तिथे जाताना वाटेत आपलं गाव लागतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. जमिनीवर रांगोळीने मी रेघा ओढल्या. इथे विषुववृत्त, इथे कर्कवृत्त, आणि त्या दोहोंच्या मध्ये आपण. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतोय, म्हणजे कधी ना कधी तो दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येणारच. आणि तो डोक्यावर आला की काठीची सावली काठीच्याच पायाशी. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "म्हणजे तो कर्कवृत्ताकडे जायला निघालाय आणि वाटेत आपल्या अंगणात टेकलाय." मी म्हटलं, "हो, तसंच." पुस्तकात जे वाक्य होतं त्यापेक्षा तिचं मला जास्त समजलं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी दोघीही गेलो. वाडीत पोफळीखाली गारवा होता, पण अंगण उघडं आणि तापलेलं. मधोमध काठी, साधारण माझ्या कमरेइतकी, आणि तिच्या एका बाजूला खड्यांची ओळ, काठीकडे येत गेलेली. मुलीची आई, आजी, धाकटा भाऊ, दोन शेजारणी, सगळे ओटीवर जमले होते. आजींनी मला विचारलं, "बाई, हे शुभ का अशुभ?" मी म्हटलं, "शुभच आहे, आजी. सूर्यनारायण डोक्यावर आलेत एवढंच." त्या समाधानाने मागे टेकल्या.

आम्ही वाट बघत उभे राहिलो. सावली पश्चिमेकडून आत आत येत गेली, जाड झाली, आखूड झाली आणि काठीत शिरली. मग अंगणातल्या कशालाच बाजूला सावली उरली नाही. तुळशीवृंदावनाला नाही, पाण्याच्या हंड्याला नाही. आमच्या प्रत्येकाच्या पायाखाली तेवढा एक काळा ठिपका.

वडील मुलीजवळ वाकले. "का गेली असेल? तुला काय वाटतं?"

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. माझ्याच विनंतीतलं वाक्य, अगदी शब्दाला शब्द. आणि ते त्यांनी मला दाखवण्यासाठी म्हटलं नव्हतं. ते खरोखर तिचं उत्तर ऐकायला थांबले होते.

मुलीने वर बघितलं, लगेच डोळे मिटले. "सूर्य बाजूला न्हाय. वर आहे," ती म्हणाली. "बाजूला असला तर सावली दुसऱ्या बाजूला पडेल. वर असला तर खाली पडेल. खाली काठीच उभी आहे."

"मग उद्या?"

तिने काठीच्या दुसऱ्या बाजूला, विहिरीकडे, जिथे अजून एकही खडा नव्हता, तिथे बोट ठेवलं. "उद्या न्हाय. पण मग इकडे येईल. सूर्य पुढं गेला तर."

मी आदल्या दिवशी रांगोळीने रेघा ओढून जिथे पोचले होते, तिथे ती खड्यांवरून चालत आली होती. मी फक्त "हो" म्हटलं. तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

मग तिने बापाचा हात धरला. "बाबा, विहिरीत ऊन गेलं असेल?"

रहाटाची विहीर अंगणाच्या पलीकडेच होती. उन्हाळ्यामुळे पाणी खोल गेलेलं. ते तिला हाताला घट्ट धरून घेऊन गेले आणि आम्ही मागून गेलो. काठावरून वाकून बघितलं तर एरवी काळोखी असणारी ती विहीर तळापर्यंत उजळलेली होती. भिंतीची सावली पाण्यावर कुठेच नव्हती. आत लोंबणारी नेच्याची पानं, दगडांच्या फटी, पाण्यातली लहानशी काळी मासळी, सगळं स्वच्छ दिसत होतं. माझी आई म्हणाली, "देवा, एवढी छान असते का आतून." मुलगी बापाच्या हाताला लोंबकळून बघत राहिली, आणि मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. तो विहीर बघत नव्हता, मुलीला बघत होता.

आम्ही कैरीचं पन्हं पिऊन परतलो. निघताना ते माझ्यापाशी आले. "लिहायला मी तिला दिलं होतं," म्हणाले. "ती लिहितेही. पण आता खड्यांचंच लिहिते. रोज काय झालं ते. शुद्धलेखनात चुका आहेत. मी अजून दाखवल्या नाहीत."

"शाळा उघडली की मी बघेन," मी म्हटलं. "तुम्ही नका दाखवू."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात खूप आवाज होता. तिसरीची ती मुलं आता चौथीत गेली होती आणि गुरुजींनी मलाही त्यांच्याबरोबर वर चढवलं होतं. भरतीचा खेळ सगळ्यांत जास्त खेळला गेला होता. मुलं समुद्रावर उभी राहून पाऊणकी म्हणत होती, असं गावातल्या लोकांनी गुरुजींना सांगितलं होतं, आणि ते सांगताना गुरुजींच्या आवाजात इतका आनंद होता की तो लपवायला त्यांना तपकीर ओढावी लागली. काहींनी चिंचोके खाऊन टाकले होते. एकाने काहीच केलं नव्हतं. तो मामाकडे मांडव्याला गेला होता आणि बोटी बघत बसला होता. मी त्याला बोटींचंच सांगायला सांगितलं. तो बराच वेळ बोलला.

काठीच्या मुलीला मी फळ्यापाशी बोलावलं. ती आली, पाठ वर्गाकडे केली आणि फळ्यावर काठी काढून दोन्ही बाजूंना खडे काढले. ढग येईपर्यंत सावली विहिरीच्या बाजूला दोन बोटं गेली होती. तेवढं सांगून ती वळली आणि जागेवर जाऊन बसली. पूर्वीसारखीच गप्प. पण त्यानंतर मी वर्गात 'तुला काय वाटतं' म्हटलं की ती मान वर करायची.

पुढच्या वर्षी ती विनंती साऱ्या शाळेने लिहिली, पहिलीसुद्धा, म्हणजे पहिलीची गुरुजींनी स्वतः लिहून दिली. काठीच्या मुलीच्या वडिलांनी एका रविवारी देवळाच्या पारावर ती मोठ्याने वाचून दाखवली, आणि मध्ये कुणी विचारलं तर समजावून सांगितली, असं मला नंतर कळलं. त्यांनी मला तसं विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं.

पण त्या जूनमधली अजून एक गोष्ट राहिली. शब्दांच्या जोड्यांचा खेळ. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. मुलांनी आणलेल्या जोड्या मी फळ्यावर लिहीत होते. व्हय आणि होय. न्हाय आणि नाही. हाय आणि आहे. त्यात कोळीवाड्यातल्या त्या मुलाने, ज्याने गेल्या वर्षी सगळं एका रात्रीत लिहिलं होतं, इतके शब्द आणले होते की अर्धा फळा त्याचाच झाला. माशांची नावं, वाऱ्यांची नावं, जाळ्याच्या भागांची. त्यांतल्या कितीतरी शब्दांना पुस्तकात जोडच नव्हती. तिथे मी रिकामी जागा सोडली.

दुपारी त्याची आई आली. मासळी विकून घरी चालली होती. पाटी कमरेवर, आणि चेहऱ्यावर थोडी शंका.

"बाई, आमचे शब्द कशापायी मागितले?" तिने दारातून विचारलं. "पोरं हसाया तर न्हाय?"

"हसायला नाही, ताई. शिकायला. बघा ना."

तिने फळ्याकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. मुलगा उठला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागला. वर्ग ऐकत होता. एका वाऱ्याच्या नावापाशी ती म्हणाली, "तसं न्हाय, तोंड मोकलं ठेवून बोल." त्याने पुन्हा म्हटलं. मग सगळ्या वर्गाने म्हटलं. मीही म्हटलं, आणि माझंही तिने एकदा सुधारलं.

"आता बरोबर हाय," ती म्हणाली. मग फळ्यावरची रिकामी जागा दाखवून तिने विचारलं, "हितं काय लिहिनार?"

"तिथे काही नाही. पुस्तकात त्याला शब्द नाही."

"मंग आमचाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि पाटी सारखी करून घराकडे निघाली.